टॅग तोच, व्यवहार वेगळा!

रील बघताना झुमके आवडले. फोटोवर टॅप केलं, छोटा टॅग उघडला : ३४९ रुपये. तुम्हाला वाटतं, ही किंमत पोस्टमध्ये लिहिलेली आहे. तसं नसतं. दुकानदाराने आधी एक कॅटलॉग भरलेला असतो. त्यात प्रत्येक वस्तूची एक ओळ : नाव, फोटो, किंमत, शिल्लक आहे की नाही आणि वेबसाइटची लिंक. टॅग फक्त त्या ओळीकडे बोट दाखवतो. म्हणून सहा महिने जुन्या पोस्टवरही आजची किंमत दिसू शकते. उलटही होतं. वेबसाइटवर झुमके ३९९ चे झाले आणि कॅटलॉग अपडेट व्हायचा राहिला, तर टॅग ३४९ च सांगत राहतो.

अॅपमध्येच पैसे भरायची सोय इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये अमेरिकेत आणली. आपल्याकडे टॅगवरून आपण सहसा दुकानाच्या वेबसाइटवर जातो. तिथे कार्ट, कुरिअर चार्ज, पेमेंट आणि शेवटी ऑर्डर नंबर. साइट नीट बांधलेली असेल तर ऑर्डर पडताच स्टॉकमधून एक नग कमी होतो. काय घेतलं, कितीला घेतलं, कुठे पाठवायचं, सगळं एका नोंदीत. अर्थात बनावट साइटवरही कार्ट असतेच, तेव्हा पत्ता आणि रिटर्नचे नियम आधी वाचा.

आता दुसरा प्रकार. टॅगच्या जागी 'प्राइससाठी डीएम करा'. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवता, ताई 'अव्हेलेबल आहे' म्हणते, क्यूआर येतो, तुम्ही ३४९ अधिक कुरिअरचे ६० असे ४०९ पाठवता. इथे स्टॉक म्हणजे ताईची वही, फार तर तिची आठवण. शेवटच्या जोडीसाठी तेवढ्यात आणखी कुणी पैसे पाठवले, तर दोघांचेही पैसे जातात आणि झुमके एकालाच मिळतात. यूपीआयच्या नोंदीत ४०९ रुपये कुणाला गेले एवढंच दिसतं, झुमक्यांचा उल्लेख कुठेच नाही. पैसे परत करायचे की नाही, हे ताईच्या हातात.

तरी डीएमवाले वाईट, असं मी म्हणणार नाही. लांबी विचारता येते, हुक बदलून मिळतो, आणि घासाघीस तर वेबसाइटशी करताच येत नाही! फक्त ऑर्डर नंबरचं काम इथे आपल्यालाच करावं लागतं. पैसे पाठवण्याआधी एकाच मेसेजमध्ये लिहा : 'ऑक्सिडाइज्ड झुमके, एक जोडी, कुरिअरसह ४०९, तुटके आले तर पैसे परत, बरोबर ना?' 'हो' आलं की पेमेंट. यूपीआयच्या नोटमध्येही 'झुमके, एक जोडी' टाका. क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारं नाव दुकानाच्या किंवा ताईच्या नावाशी जुळत नसेल, तर आधी विचारा. आणि रिफंडसाठी कुणी पिन टाकायला सांगितलं, तर सरळ नाही म्हणा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.