नोकरी बदललीत? मग दोन्ही फॉर्म 16 हवेत

पगारदारांसाठी आयकर विवरणपत्राची नेहमीची मुदत 31 जुलै. वर्षात नोकरी बदलली असेल, तर आधी दोन्ही कंपन्यांचे पगार एकत्र मांडा.

2025-26 चं उदाहरण घ्या. पहिल्या सहा महिन्यांत एका कंपनीत 7 लाख, पुढच्या सहा महिन्यांत दुसरीकडे 7 लाख. दोघींनी आपल्यापुरतंच उत्पन्न धरलं, ते 12 लाखांच्या आत, म्हणून नव्या करप्रणालीत कर कापला नाही. प्रत्यक्षात उत्पन्न 14 लाख. प्रमाणित वजावट 75,000 रुपये, तीही एकदाच. उरलेल्या 13.25 लाखांवर उपकरासह 81,900 रुपये कर येतो. शिवाय 1 एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज चढतं. हे टाळायचं तर रुजू होतानाच जुन्या पगाराचा तपशील फॉर्म 12बी भरून नव्या कंपनीला द्यावा.

विवरणपत्र भरण्यापूर्वी हे जवळ ठेवा:

- पॅन आणि आधार
- दोन्ही कंपन्यांचे फॉर्म 16
- पोर्टलवरून उतरवलेले फॉर्म 26एएस आणि एआयएस
- सर्व बँकांची व्याज प्रमाणपत्रं
- शेअर, म्युच्युअल फंड विकले असल्यास नफ्या-तोट्याचं विवरण
- जुनी करप्रणाली निवडल्यास भाडेपावत्या, विमा, पीपीएफ, गृहकर्जाचे दाखले

फॉर्म 16 मधला कापलेला कर 26एएसमध्ये दिसत नसेल, तर आधी कंपनीकडून दुरुस्ती करून घ्या. विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करा. त्याशिवाय ते ग्राह्य धरलं जात नाही.