गुलालाचे चौकोन

विसर्जन मिरवणुकीत पथकाचा ठेका चढला, ध्वज नाचला, गुलाल उधळला गेला. मोबाइलवरचं चित्रण झकास आलं, एडिटिंग झाल्यावर कॉम्प्युटरवरही तसंच दिसलं. यूट्यूबवर चढवलं मात्र, आणि गुलालाच्या जागी गुलाबी चौकोन थरथरू लागले. टिपरू मारणारे हातही मधूनच अडखळत होते. पथकात एडिटिंग करणारा जो कुणी पोरगा असतो, तो अशा वेळी मोबाइलला नावं ठेवतो. दोष बहुतेक वेळा एक्स्पोर्टच्या खिडकीत असतो.

फुल एचडी चित्रात रुंदीला १९२० आणि उंचीला १०८० ठिपके असतात. सेकंदाला अशी ३० चित्रं, म्हणजे फ्रेम्स, काहीही न दाबता साठवायची तर सेकंदाला सुमारे साडेसातशे मेगाबिट माहिती लागेल. म्हणून कोडेक एक युक्ती करतो. मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच तो लिहितो. जे जागचं हललेलं नाही ते पुन्हा वापरतो. कीर्तनकार आणि मागे स्थिर पडदा असेल तर थोडक्यात भागतं. गुलालात मात्र प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो. लिहायचं प्रचंड आणि ठरवून दिलेली जागा तुटपुंजी, अशी कोंडी झाली की कोडेक बारकावे सोडून देतो आणि चित्राचे चौकोनी तुकडे उघडे पडतात.

ही ठरवून दिलेली जागा म्हणजे बिटरेट.

फुल एचडी, ३० फ्रेम्सच्या व्हिडिओसाठी यूट्यूब ८ मेगाबिटची शिफारस करतं. पण आपण दिलेली फाइल यूट्यूब जशीच्या तशी दाखवत नाही, ती पुन्हा दाबतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढताना पहिली प्रत ठळक हवी, तसंच हे. गुलालासारख्या चित्रणाला २० मेगाबिट दिलेले बरे. दा विंची रिझॉल्व्हमध्ये Deliver पानावर Quality समोर Restrict to निवडून 20000 लिहायचं. तीन मिनिटांच्या व्हिडिओची फाइल साधारण ४५० एमबी होईल. उत्साहाच्या भरात १०० मेगाबिट देऊन काही साधत नाही. मोबाइलने मुळात जे टिपलंच नाही, ते एक्स्पोर्ट कुठून आणणार?

हात अडखळण्याचं कारण वेगळं आणि बरंच आधी घडलेलं. मोबाइलने सेकंदाला ३० फ्रेम्स टिपल्या होत्या. रिझॉल्व्हचा नवा प्रोजेक्ट सहसा २४ फ्रेम्सवर उघडतो. पहिली क्लिप आत घेताना तो विचारतो, फ्रेम रेट बदलू का? घाईत Don't Change दाबलं जातं. मग ३० मधून २४ करायच्या, म्हणून दर पाचवी फ्रेम गळते, सेकंदाला सहा. संथ दृश्यात ते जाणवत नाही, पण टिपरू ढोलावर आदळण्याचा नेमका क्षणच गळाला की डोळ्याला ठेच लागते. हे एक्स्पोर्ट करताना निस्तरता येत नाही, कारण टाइमलाइन रचली गेल्यावर रिझॉल्व्ह तिचा फ्रेम रेट बदलू देत नाही. चित्रण ज्या वेगाने झालं, त्याच वेगाची टाइमलाइन आधी करायची आणि त्याच वेगाने फाइल बाहेर काढायची.

मग कुणीतरी म्हणतं, याचाच एक रील कर. आडव्या फुल एचडी चित्रातून ९:१६ ची उभी पट्टी कापली तर तिची रुंदी जेमतेम ६०७ ठिपके भरते. रीलला १०८० हवेत, म्हणजे चित्र पावणेदोन पटींहून जास्त ताणावं लागतं आणि ध्वजधारकाचा चेहरा मऊ पडतो. चित्रण मुळात ४के मध्ये असेल, तर हीच पट्टी १२१५ ठिपक्यांची निघते आणि ताणायची वेळच येत नाही. रील करायचा आहे हे मिरवणुकीआधीच ठरलेलं बरं. आडव्या व्हिडिओला वर-खाली काळ्या पट्ट्या चिकटवून तो उभा करणं हा उपाय नव्हे. मोबाइलच्या पडद्याचा मोठा भाग काळाच राहतो.

इतकं सांभाळूनही एक घोळ हमखास होतो. तयार व्हिडिओ चॅनेल सांभाळणाऱ्याकडे व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून जातो. तिथे तो आणखी एकदा दाबला जातो आणि ४५० एमबीच्या फाइलचं पार चिपाड होतं. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर हात न लागता पोचतो.

अपलोड झाल्या झाल्या व्हिडिओ धूसर दिसला तर लगेच काढून टाकू नये. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, एचडी प्रत मागाहून येते. गिअरच्या चिन्हात १०८०चा पर्याय दिसू लागला की तो निवडून गुलाल उधळल्याचा क्षण पुन्हा पाहावा.