फेसबुकवरून नाव गायब झालं, म्हणजे ब्लॉकच केलं का?

माझ्या मावशीची कॉलेजातली मैत्रीण एका मंगळवारी फेसबुकवरून नाहीशी झाली. आदल्या रात्रीपर्यंत दोघींच्या गप्पा चालल्या होत्या, आणि सकाळी नाव शोधलं तर काहीच येईना. जुन्या टॅगवरून प्रोफाइल उघडायला गेली, तर पडद्यावर This content isn't available right now एवढंच आलं. "मी असं काय बोलले, की तिने मला ब्लॉकच करावं?" मावशीने दिवसभर हेच मनाला लावून घेतलं. संध्याकाळी फोन माझ्या हातात देताना तिचे डोळे भरून आले होते.

मी तिला आधी एवढंच सांगितलं, की त्या एका वाक्यावरून काहीही ठरत नाही. मैत्रिणीने ब्लॉक केलं असलं, खातं काही दिवसांपुरतं बंद ठेवलं असलं किंवा कायमचं काढून टाकलं असलं, तरी तेच वाक्य येतं. फेसबुकनेच एखादं खातं रोखलं तरीही तेच. कोणी कोणाला ब्लॉक केलं हे फेसबुक समोरच्याला कळवत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्रास देणाऱ्यापासून सुटका करून घेणाऱ्या माणसाला तेवढा आडोसा मिळायलाच हवा. नुसतं मित्रयादीतून काढलं असतं, तर मात्र नाव शोधल्यावर सापडलं असतं.

मग ओळखायचं कसं? ब्लॉक हा दोन खात्यांमधला पडदा असतो. बाकीच्यांना ते प्रोफाइल पूर्वीसारखंच दिसत राहतं. बंद केलेलं किंवा काढून टाकलेलं खातं मात्र कोणालाच दिसत नाही. म्हणून दोघींना ओळखणाऱ्या तिसऱ्या माणसाचा फोन हीच खरी कसोटी. लॉगिन न करता ब्राउझरमध्ये शोधून पाहण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण त्यावर मी विसंबत नाही. पुष्कळ प्रोफाइल बाहेरच्यांना एरवीही दिसत नाहीत.

आम्ही मावशीच्या वर्गातल्या दुसऱ्या मैत्रिणीला फोन लावला. तिलाही ते नाव शोधून सापडेना. गेल्या वर्षीच्या स्नेहमेळाव्याच्या फोटोखाली हरवलेल्या मैत्रिणीची भलीमोठी कमेंट होती, तीही तिच्या फोनवर दिसेना. आणखी एकीला विचारलं, कारण एखादीने दोघींनाही ब्लॉक केलेलं असू शकतं. तिचंही उत्तर तेच आलं. म्हणजे पडदा एकट्या मावशीपुरता नव्हता. दरम्यान मी मावशीच्या सेटिंगमधली ब्लॉक केलेल्यांची यादीही पाहून घेतली. चुकून आपल्याच हातून कोणी ब्लॉक झालं असेल, तरीही ते माणूस असंच गायब होतं.

आता प्रश्न उरला तो खातं नुसतं बंद आहे की कायमचं गेलं आहे, हा. इथे बाहेरच्या माणसाला फारसं काही कळत नाही. कोणी खातं काढून टाकायला सांगितलं, की फेसबुक ३० दिवस थांबतं. तेवढ्यात त्या माणसाने पुन्हा लॉगिन केलं, तर बेत रद्द करून खातं परत मिळवता येतं. त्या महिनाभरात दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. एक खूण मात्र उपयोगी पडते. खातं बंद ठेवूनही मेसेंजर चालू ठेवता येतो, कायमचं काढून टाकल्यावर तो वापरता येत नाही. त्यामुळे प्रोफाइल कोणालाच सापडत नाही, पण मेसेंजरवर उत्तर येतं, असं असेल तर खातं फक्त बंद आहे असं समजावं. मेसेज पोचला नाही, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण मेसेंजरही सोबत बंद केलेला असू शकतो.

मावशीने मेसेज पाठवला. रात्री उत्तर आलं : मुलीची बारावी आहे, घरात सगळ्यांनीच फेसबुक बंद ठेवलंय. परीक्षा संपल्यावर मैत्रीण परतली, तिचे फोटो आणि ती भलीमोठी कमेंटही जागच्या जागी आली.

उलट निघालं असतं, म्हणजे दुसऱ्या मैत्रिणीला प्रोफाइल दिसलं असतं, तर तो ब्लॉकच होता. तेव्हा खोटं खातं उघडून त्या व्यक्तीच्या मागे जाऊ नये. तिने दार लावलं आहे, ते लावू द्यावं.

आणि "तुम्हाला कोणी ब्लॉक केलं ते पाहा" असं सांगणाऱ्या ॲपला आपला पासवर्ड कधीही देऊ नका. फेसबुक ही माहिती कोणत्याच ॲपला देत नाही.