शेतावरच्या डीपीत वीज जाते कुठे?

गावाबाहेर खांबांवर बसवलेला १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो. त्यात हलणारा एकही भाग नाही, तरी तो गरम होतो. ही उष्णता येते कुठून, हे समजायचे तर आधी गाभ्यातल्या चुंबकीय प्रवाहाकडे, म्हणजे फ्लक्सकडे पाहावे लागते.

प्रायमरीला एसी व्होल्टेज दिले की गाभ्यात सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेणारा फ्लक्स तयार होतो. तो सेकंडरीच्या वेढ्यांतूनही जातो आणि तिथे व्होल्टेज निर्माण करतो. वेढे जितके कमी, तितके व्होल्टेज कमी. हा फ्लक्स किती असावा, हे प्रायमरीचे व्होल्टेज ठरवते, लोड नव्हे. सेकंडरीतून करंट वाहू लागला की तो फ्लक्सला विरोध करतो. लगेच प्रायमरी तेवढाच जादा करंट ओढून तो विरोध भरून काढते. त्यामुळे पंप चालू असोत वा बंद, फ्लक्स जवळपास तेवढाच राहतो. विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात, म्हणून हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

गाभ्यातला लॉस या फ्लक्समुळेच होतो. पोलादाचे चुंबकन सतत उलटसुलट करण्यात ऊर्जा खर्च होते, तो हिस्टेरिसिस लॉस. शिवाय गाभ्याच्या धातूतच भोवऱ्यासारखे करंट फिरतात, तो एडी करंट लॉस. हे करंट रोखण्यासाठी गाभा अखंड न ठेवता, इन्सुलेशनचा थर दिलेल्या पातळ पत्र्यांचा रचतात. पत्र्याची जाडी निम्मी केली, तर एडी लॉस साधारण चौथाईवर येतो.

कॉपर लॉस मात्र करंटच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वाइंडिंग ॲल्युमिनियमचे असले तरी नाव तेच.

समजा, आपल्या डीपीचा कोअर लॉस २६० वॉट आणि पूर्ण लोडचा कॉपर लॉस १७६० वॉट आहे. अर्ध्या लोडला कॉपर लॉस ४४० वॉटवर उतरतो, तर सव्वापट लोडला २७५० वॉटवर जातो. ओव्हरलोड झालेली डीपी का जळते, ते इथे दिसते. आता पंप आठ तास पूर्ण लोडने चालले आणि उरलेले सोळा तास बंद राहिले, तर कॉपर लॉस दिवसाला सुमारे १४ युनिट होतो. कोअर लॉस चोवीस तास चालूच असल्याने ६.२४ युनिट होतो. वर्षाला जवळपास २,२८० युनिट.

हे दोन्ही लॉस प्रयोगशाळेत वेगवेगळे मोजता येतात. ओपन सर्किट टेस्टमध्ये हाय व्होल्टेज बाजू उघडी ठेवून लो व्होल्टेज बाजूला पूर्ण व्होल्टेज देतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून वॉटमीटर जवळजवळ फक्त कोअर लॉस दाखवतो. शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये लो व्होल्टेज बाजू शॉर्ट करून दुसऱ्या बाजूला, पूर्ण करंट वाहेल इतकेच व्होल्टेज देतात. इम्पीडन्स साडेचार टक्के असेल, तर ते सुमारे ४९५ व्होल्ट भरते. इतक्या कमी व्होल्टेजला फ्लक्स नगण्य असतो, त्यामुळे मीटरवर येतो तो कॉपर लॉस.