स्पाइस नेटलिस्टद्वारे कागदावरील उत्तराची पडताळणी

स्पाइस नेटलिस्टद्वारे पडताळणी म्हणजे एखाद्या विद्युत परिपथाच्या नोडांवरील व्होल्टेज आधी कागदावर काढणे, तोच परिपथ स्पाइस या संगणकीय प्रणालीला ओळीओळीने लिहून देणे आणि दोन्ही उत्तरांची नोडनिहाय तुलना करणे होय. परिपथाच्या अशा लिखित वर्णनाला नेटलिस्ट म्हणतात. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर चूक कागदावर झाली, नेटलिस्ट लिहिताना झाली, की दोन्हीकडे ट्रान्झिस्टरविषयी वेगळी गृहीतके धरली गेली, हे फरकाच्या आकड्यांवरूनच बहुतेक वेळा ओळखता येते.

स्पाइसची पहिली आवृत्ती १९७३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात तयार झाली. एनजीस्पाइस ही तिच्या वंशातील मुक्त प्रणाली आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विकसित झालेली ईसिम ही प्रणालीही आकडेमोडीसाठी एनजीस्पाइसचाच वापर करते. त्यामुळे ईसिममध्ये चित्र काढून परिपथ सोडवला, तरी आत शेवटी एक नेटलिस्टच तयार होते आणि पुढील विवेचन तिलाही लागू पडते.

## उदाहरणाचा परिपथ

पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत नेहमी येणारा व्होल्टेज-विभाजक बायस परिपथ येथे घेतला आहे. पुरवठा १२ व्होल्ट आहे. बेसकडे ४७ आणि १० किलोओहमचे दोन रोधक, कलेक्टरला २.२ किलोओहम आणि एमिटरला १ किलोओहमचा रोधक जोडला आहे. ट्रान्झिस्टरचा बीटा १०० आहे.

```
* voltage divider bias
VCC vcc 0 DC 12
R1 vcc b 47k
R2 b 0 10k
RC vcc c 2.2k
RE e 0 1k
Q1 c b e QN
.model QN NPN (IS=1e-16 BF=100)
.control
op
print v(b) v(e) v(c)
.endc
.end
```

ही फाइल `bias.cir` या नावाने जतन करून `ngspice -b bias.cir` ही आज्ञा दिली की तिन्ही नोडांची व्होल्टेज छापली जातात. `op` ही आज्ञा परिपथाची स्थिर, म्हणजे एकदिश प्रवाहाची अवस्था काढते. `0` हा नोड नेहमीच भूमी असतो.

## कागदावरील उत्तर

पाठ्यपुस्तकांतील सोपी रीत बेसचा प्रवाह नगण्य मानते. मग बेसचे व्होल्टेज केवळ दोन रोधकांच्या प्रमाणावरून १२ × १० ÷ ५७ = २.१०५ व्होल्ट येते. बेस आणि एमिटर यांच्यात ०.७ व्होल्टची घट धरली, तर एमिटर १.४०५ व्होल्टवर येतो. एमिटरचा प्रवाह १.४०५ मिलिॲम्पिअर ठरतो, कलेक्टरचा प्रवाह तेवढाच मानतात आणि कलेक्टरचे व्होल्टेज ८.९०८ येते.

ही रीत वापरण्यासाठी एक अट शिकवली जाते: बीटा आणि एमिटरचा रोध यांचा गुणाकार खालच्या रोधकाच्या दहापट किंवा अधिक असावा. येथे १०० × १ = १०० किलोओहम आणि १० × १० = १०० किलोओहम, म्हणजे अट अगदी काठावर पूर्ण होते. विद्यार्थी साहजिकच निर्धास्त होतो आणि तुलना करतो.

| नोड | कागद | स्पाइस | स्पाइस वजा कागद |
|---|---|---|---|
| `b` | २.१०५ | २.००५ | −०.१०० |
| `e` | १.४०५ | १.२२६ | −०.१७९ |
| `c` | ८.९०८ | ९.३३० | +०.४२१ |

शेवटच्या स्तंभातील आकडे अधिक दशांश धरून काढले आहेत, म्हणून कलेक्टरच्या फरकात शेवटचा अंक एकाने वेगळा दिसतो.

## फरकाचा हिशेब

कलेक्टरवरील ०.४२१ व्होल्टचा फरक सर्वांत मोठा असल्यामुळे नजर तिकडेच जाते, पण शोध तेथून सुरू करू नये. कलेक्टरचे व्होल्टेज साखळीतील शेवटचे आहे. बेसवर जे बिघडते ते एमिटरवर उतरते आणि तेथून कलेक्टरवर २.२ पट होऊन पोहोचते. म्हणून हिशेब बेसपासून करावा.

बेसवर ०.१०० व्होल्ट कमी आहेत. विभाजकाचा थेवेनिन रोध, म्हणजे ४७ आणि १० किलोओहम समांतर, ८.२४६ किलोओहम आहे. ०.१०० व्होल्टला याने भागले की १२.१ मायक्रोॲम्पिअर मिळतात. हाच तो बेस-प्रवाह, जो सोप्या रीतीने सोडून दिला होता. प्रवाह लहान आहे, पण तो ज्या रोधातून वाहतो तो लहान नाही.

एमिटरवर ०.१७९ व्होल्ट कमी आहेत. त्यांतील ०.१०० बेसकडून आले. उरलेल्या ०.०७९ व्होल्टचे कारण बेस आणि एमिटर यांच्यामध्येच शोधावे लागते. स्पाइसच्या उत्तरात या दोन नोडांतील अंतर ०.७७९ व्होल्ट आहे, कागदावर ते ०.७ धरले होते. स्पाइस ०.७ हा आकडा जाणतच नाही. ते कलेक्टर-प्रवाह आणि `IS` यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन त्याला औष्णिक व्होल्टेजने, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला सुमारे २५.९ मिलिव्होल्टने गुणते. `IS=1e-16` आणि १.२१४ मिलिॲम्पिअर प्रवाह यांसाठी उत्तर ०.७७९ येते. हे मूल्य नेटलिस्टमध्ये दिले नाही, तरी स्पाइस आपणहून तेच धरते. म्हणून मॉडेलची ओळ अर्धवट लिहिणाऱ्यांना हा फरक वारंवार भेटतो.

आता कलेक्टर. एमिटरवरील ०.१७९ ला २.२ ने गुणले की ०.३९४ होतात. उरलेले ०.०२७ व्होल्ट कलेक्टर-प्रवाह आणि एमिटर-प्रवाह समान मानल्यामुळे आले. त्या दोहोंत १२.१ मायक्रोॲम्पिअरचा फरक आहे आणि तो २.२ किलोओहमने गुणला की हाच आकडा मिळतो. अशा रीतीने ०.४२१ व्होल्टपैकी एकही मिलिव्होल्ट बेहिशेबी राहत नाही. पडताळणी पूर्ण झाली असे याच वेळी म्हणता येते. नुसते 'जवळपास जुळले' असे म्हणणे पुरेसे नाही.

हिशेब खरा आहे का, हे एकेक गृहीतक बदलून पाहता येते. कागदावर बेस-प्रवाह धरून गणित पुन्हा केले, पण ०.७ तसेच ठेवले, तर बेस १.९९९, एमिटर १.२९९ आणि कलेक्टर ९.१७० येतो. बेसचा फरक जवळजवळ मिटतो, बाकीचे दोन उरतात. मग ०.७ ऐवजी ०.७७९ घातले की तिन्ही नोड एका मिलिव्होल्टच्या आत जुळतात. उलट बाजूनेही जाता येते. मॉडेलमध्ये `IS=2.27e-15` लिहिले, तर या प्रवाहाला स्पाइसचीही घट ०.७०० होते आणि ते स्वतःच १.९९९, १.२९९, ९.१७० ही उत्तरे देते.

## नेटलिस्टमधील चुका कशा दिसतात

गृहीतकांमुळे पडणारा फरक सहसा काही टक्क्यांचा असतो आणि तो साखळीने पुढे सरकतो. लिहिण्यातील चूक वेगळी दिसते. समजा, कलेक्टरच्या रोधकापुढील `k` राहून गेला आणि `RC vcc c 2.2` असे लिहिले गेले. बेस आणि एमिटर २.००५ व १.२२६ वरच राहतात. केवळ कलेक्टर ११.९९७ व्होल्टवर जातो. दोन नोड जुळतात आणि एकच बिघडतो, तेव्हा दोष त्या नोडला जोडलेल्या शाखेतच असतो.

ट्रान्झिस्टरच्या ओळीत कलेक्टर, बेस, एमिटर हाच क्रम लागतो. चुकून `Q1 e b c QN` लिहिले, तर स्पाइस कोणतीही तक्रार करत नाही. ते उलट जोडलेला ट्रान्झिस्टर प्रामाणिकपणे सोडवते. उत्तर येते: बेस ०.९९२, एमिटर ०.२७०, कलेक्टर ११.७०३. येथे बेसच एका व्होल्टने खाली आहे. त्यावरून बेस-प्रवाह काढला तर ०.१३५ मिलिॲम्पिअर येतो आणि कलेक्टरच्या रोधकातील प्रवाहही ०.१३५ मिलिॲम्पिअरच निघतो. बीटा १०० दिलेला असताना हे गुणोत्तर १ आले, कारण उलट दिशेचा बीटा `BR` न सांगितल्यास १ धरला जातो.

आणखी दोन चुका पहिल्या नजरेतच ओळखू येतात. फाइलची पहिली ओळ स्पाइस शीर्षक म्हणून वाचते. तेथे थेट `VCC` ची ओळ लिहिली तर परिपथाला पुरवठाच उरत नाही आणि सर्व नोड शून्य दाखवतात. दुसरी चूक `M` या अक्षराची आहे. स्पाइसमध्ये त्याचा अर्थ मिली असा होतो, मेगासाठी `MEG` लिहावे लागते. ४७ किलोओहम हे `0.047M` असे लिहिले, तर तो रोध ४७ मायक्रोओहम होतो आणि बेस सरळ १२ व्होल्टला चिकटतो.

संशय बराच असेल, तर `Q1` च्या ओळीपुढे तारका घालून ती बंद करावी. उरलेला परिपथ केवळ रोधकांचा असतो आणि तेथे गृहीतकांना जागा नसते: बेस २.१०५२६३ व्होल्ट यायलाच हवा. शेवटच्या अंकापलीकडे फरक दिसला, तर तो लिहिण्यातील किंवा कागदावरील चुकीचाच होय.

कोणते उत्तर बरोबर, हे किरचॉफच्या प्रवाह नियमाने स्वतंत्रपणे तपासताना अंक कमी पडू देऊ नयेत. २.००५ घेऊन बेसपाशी येणारा व भूमीकडे जाणारा प्रवाह काढला तर २१२.६६ आणि २००.५० मायक्रोॲम्पिअर येतात, वजाबाकी १२.१६. खरा आकडा १२.१४ आहे. जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत ही चूक येतेच, व्होल्टेज २.००५१८ असे पाच दशांशांपर्यंत घेतले की ती जाते.

## जुळण्याची मर्यादा

दोन्ही उत्तरे जुळली, तरी त्यावरून गणित आणि नेटलिस्ट एकाच परिपथाचे आहेत एवढेच कळते. ब्रेडबोर्डवरील परिपथ तसाच वागेल असे नाही. बाजारात मिळणाऱ्या बीसी५४७ चा बीटा गटानुसार ११० पासून ८०० पर्यंत असू शकतो. वरील नेटलिस्टमध्ये `BF=200` केले, तर बेस २.०५३, एमिटर १.२७३ आणि कलेक्टर ९.२१४ होतो. या बदलात बेस आणि एमिटर यांतील अंतर ०.७८० म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच राहते, दोन्ही नोड मात्र सुमारे ४७ मिलिव्होल्ट वर सरकतात. अंतर बदलले तर `IS` किंवा तापमान पाहावे. अंतर तेच राहून दोन्ही नोड सरकले तर बीटा किंवा विभाजकाचे रोधक पाहावेत.

तापमान स्पाइसमध्ये २७ अंश सेल्सिअस धरलेले असते. धाराशिवला एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि पंखा नसलेल्या प्रयोगशाळेत टेबलावरील ट्रान्झिस्टरही तेवढाच तापलेला असतो. नेटलिस्टमध्ये `.temp 42` ही ओळ घातली की या मॉडेलमध्ये बेस-एमिटर घट सुमारे २० मिलिव्होल्टने कमी होते, एमिटर जवळपास तेवढाच वर जातो आणि कलेक्टर सुमारे ४० मिलिव्होल्टने खाली येतो. ५ टक्के सहनशीलतेच्या रोधकांमुळे पडणारा फरक बहुधा याहून मोठा असतो. म्हणून मल्टिमीटरच्या वाचनाशी तुलना करायची असेल, तर आधी चारही रोधक सुटे करून मोजावेत आणि मोजलेली मूल्येच नेटलिस्टमध्ये लिहावीत.