माती कोरडीठाक, स्क्रीनवर मात्र ओल १०० टक्के! डेमोच्या आदल्या रात्री चूक सापडली ती अशी

कुंडीतली माती हाताला कोरडीठाक लागत होती. लॅपटॉपवर मात्र ओल १०० टक्के दिसत होती, आणि त्यामुळे मोटार काही चालू होत नव्हती. रात्रीचे नऊ वाजलेले. सकाळी दहाला परीक्षकांसमोर डेमो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या शेतकऱ्याच्या पोराची ही गोष्ट. हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या तासांत चालतं यंत्र किंवा अॅप बनवून दाखवायची स्पर्धा. त्याच्या गटाने मातीची ओल बघून आपोआप चालू-बंद होणारी मोटार बनवायला घेतली होती. कारण घरचंच. शेतीची लाइट रात्री येते आणि वडील बॅटरी घेऊन विहिरीवर जातात.

यंत्र तसं साधं. मातीत खोचलेला सेन्सर, त्याचा आकडा वाचणारा ईएसपी-३२ नावाचा छोटा बोर्ड आणि मोटार चालू करणारा रिले. बोर्डाला वायफाय असतं, त्यामुळे ओल मोबाईलवरही दिसते. या सेन्सरचा आकडा उलटा चालतो, हे आधी लक्षात घ्या. माती कोरडी असली की आकडा मोठा, ओली झाली की लहान. या पोरांनी स्वतः मोजलं तेव्हा कोरड्या मातीत २६०० च्या आसपास आणि पाणी भरल्यावर १२०० च्या आसपास आकडा आला होता. म्हणून २६०० म्हणजे शून्य टक्के ओल आणि १२०० किंवा त्याखाली काहीही आलं तर १०० टक्के, असा हिशेब त्यांनी बसवला.

त्या रात्री आकडा येत होता थेट ०. म्हणजे हिशेबाने जमीन तुडुंब.

पोराने आधी सेन्सर बदलला. मग वायरी बदलल्या. मग इंटरनेटवरून दुसऱ्याचा प्रोग्राम आणून आपल्यात जोडला, तो चालेना म्हणून अर्धा काढला, हिशेबाचे आकडे बदलले. एकदा नुसता सेन्सर वाचायचा चार ओळींचा प्रोग्राम टाकला तर २६१० आलं. हायसं वाटलं. मूळ प्रोग्राम परत टाकला तर पुन्हा ०. दोन वाजता अशी गत झाली की आपण नेमकं काय काय बदललंय हेच त्याला सांगता येईना.

लॅब उघडी ठेवून बसलेले सहायक काका तेव्हा जवळ आले. त्यांनी प्रोग्राम बघितलाच नाही. विचारलं, "संध्याकाळची कॉपी आहे का कुठं?"

"पेनड्राइव्हवर आहे काका."

"मग तीच टाक. आणि आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललं काय आणि दिसलं काय, वहीत लिहायचं. काही फरक पडला नाही तर तो बदल मागं घ्यायचा, तसाच ठेवायचा नाही."

पुढचं काकांनी पाइपलाइनवरून सांगितलं. वीस पाइपांच्या लाइनला पाणी पुढं जात नसेल तर पहिल्या पाइपापासून एकेक जोड कोणी उघडत नाही. मधला जोड उघडायचा. तिथं पाणी आलं तर तुंबलंय ते पुढं, नाही आलं तर मागं. एका तपासणीत अर्धी लाइन सुटते.

प्रोग्रामचे चार भाग होते : सेन्सर वाचणं, ओलीचा हिशेब, रिले आणि वायफाय. पोराने हिशेब आणि रिले दोन्ही बंद केले. हा काकांचा एकच बदल, अर्ध्या लाइनीचा. आकडा तरीही ०. वहीत नोंद. म्हणजे चूक राहिलेल्या अर्ध्यात. मग वायफाय बंद केलं. आकडा २६१०. परत चालू केलं, ०. असं तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. दोन वाजेपर्यंत कधी येणारी, कधी न येणारी वाटलेली चूक आता हुकमी झाली होती. चार ओळींचा प्रोग्राम का चालला होता, तेही कळलं : त्यात वायफाय नव्हतंच.

उरलं ते इतकं छोटं :

```
#include <WiFi.h>
const int pin = 25;
void setup() {
  Serial.begin(115200);
  Serial.println(analogRead(pin));
  WiFi.begin("demo", "12345678");
}
void loop() {
  Serial.println(analogRead(pin));
  delay(1000);
}
```

`Serial Monitor` वर पहिल्या ओळीत २६१० आणि त्याखाली नुसती शून्यं. वायफाय सुरू होण्याआधीचं वाचन बरोबर, नंतरची सगळी चूक. गंमत म्हणजे ती पहिली ओळ रात्रभर दर वेळी डोळ्यासमोरून जात होती. सुरुवातीचा कचरा समजून त्याने ती सोडून दिली होती.

आता शोधायचं काय, ते नेमकं माहीत होतं. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दहा मिनिटांत उत्तर मिळालं. ईएसपी-३२ मध्ये सेन्सरचा आकडा वाचणारी दोन युनिटं असतात. त्यातलं दुसरं वायफाय स्वतः वापरतं, त्यामुळे वायफाय चालू असताना त्या युनिटच्या पिनांवरून वाचन होत नाही. ०, २, ४, १२ ते १५ आणि २५ ते २७ या पिना त्यातल्या. पहिल्या युनिटच्या ३२ ते ३९ या पिनांना हा त्रास नाही. सेन्सर होता २५ वर.

वायर २५ वरून काढून ३४ वर लावली, प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला. वायफाय चालू आणि वाचन २६०८. सेन्सर, वायर, हिशेब, सगळं पहिल्यापासून ठीकच होतं.

पोरगं उड्या मारायला लागलं. काका म्हणाले, "वायर परत २५ वर लाव." लावली. पुन्हा ०. ३४ वर आणली, पुन्हा २६०० च्या घरात. दुरुस्ती काढल्यावर चूक परत आली तरच ती खरी दुरुस्ती. नाहीतर मधेच दुसरं काही हललं आणि योगायोगाने चाललं, असंही असू शकतं.

घरी असा बोर्ड लावणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिना फक्त वाचायच्या कामाच्या, त्यावर रिले लावला तर चालणार नाही. आणि पिनांचे हे नंबर साध्या ईएसपी-३२ चे आहेत. त्याच घराण्यातल्या एस-३, सी-३ बोर्डांचे वेगळे असतात.

साडेतीन वाजता गटातल्या मैत्रिणीने वेगळाच प्रश्न काढला. शेतात असं झालं असतं तर? आकडा ०, मोबाईलवर ओल १०० टक्के, मोटार बंद, पीक वाळतंय आणि घरचे निश्चिंत. म्हणून त्यांनी एक अट घातली. आकडा ५०० च्या खाली किंवा ३५०० च्या वर गेला तर टक्के दाखवायचेच नाहीत, "सेन्सर तपासा" असं दाखवायचं. यातही एक भोक आहे. वायर निघून पिन मोकळी राहिली तर आकडा भरकटतो आणि कधी कधी मधल्या पट्ट्यातही येतो. ते पकडायला त्यांच्याकडे त्या रात्री वेळ नव्हता.

सकाळी परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं : वायर तुटली तर? पोराने वही उघडली आणि हे अजून जमलेलं नाही, असं सरळ सांगितलं. मग कोरड्या कुंडीत सेन्सर खोचला. मोटार चालू झाली, पाणी पडलं, आकडा २६०० वरून उतरत दीड हजाराखाली आला आणि रिलेचा टक् आवाज होऊन मोटार बंद पडली.