पहिल्या पानापूर्वीचा ताळमेळ

2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पत्त्यांच्या खेळात नशिबापलीकडे कसब ते कोणते, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी ब्रिजच्या टेबलावरील एक लहानसा विराम पाहावा. बोली संपलेली असते. बोली जिंकणाऱ्याच्या, म्हणजे डिक्लेअररच्या, डावीकडील प्रतिस्पर्धी पहिली उतारी करतो. समोरचा भिडू आपली तेरा पाने रंगवार रांगा लावून टेबलावर उघडी मांडतो आणि त्या क्षणापासून 'डमी' होतो. आता डमीतले कोणते पान टाकायचे हे डिक्लेअररने सांगायचे असते. जाणता खेळाडू मात्र काहीच सांगत नाही. अर्धे मिनिट, कधी मिनिटभर, तो दोन्ही हातांतील पानांकडे नुसता पाहत राहतो.

या वेळात तो हिशोब करीत असतो. 1925 मध्ये हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी कॉन्ट्रॅक्ट ब्रिजला ज्या गुणपद्धतीने आकार दिला, तिचे मर्म असे की जेवढे हात करीन असे बोलीत सांगितले, तेवढेच 'गेम'साठी धरले जातात. आणि सांगितल्यापेक्षा एक जरी हात कमी पडला तरी गुण प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यात जमा होतात. म्हणून किती हात हवेत, किती पदरात आहेत आणि किती हातचे जाणार आहेत, हे तीन आकडे पहिले पान पडण्यापूर्वीच निश्चित करावे लागतात. बिनहुकुमी डावात जिंकणारे हात मोजतात आणि हुकमाच्या डावात हरणारे. या दोन मोजण्या प्रत्यक्षात कशा चालतात, हे दोन डावांतून पाहू.

पहिला डाव बिनहुकुमी आहे. दक्षिणेने 'तीन बिनहुकुमी' बोली जिंकली आहे, म्हणजे तिला नऊ हात करावयाचे आहेत.

उत्तर (डमी)
इस्पिक : राजा, 5, 2
बदाम : 7, 5, 3
चौकट : राणी, गुलाम, 10, 9, 6
किलवर : 8, 4

दक्षिण (डिक्लेअरर)
इस्पिक : एक्का, 6, 3
बदाम : एक्का, राजा, 6, 2
चौकट : राजा, 4
किलवर : एक्का, राजा, 7, 3

पश्चिमेने इस्पिकची राणी उतरली आहे. आपल्याकडील पत्त्यांच्या सवयीने हात आपसूक डमीच्या राजाकडे जातो : राणीवर राजा! हात तर जिंकला जातो. पण डावही तेथेच हरतो. कसा, ते मोजून पाहावे.

ज्यांना कोणीही अडवू शकत नाही असे जिंकणारे हात इस्पिकचे दोन, बदामचे दोन आणि किलवरचे दोन, असे सहा आहेत. तीन कमी पडतात. ते चौकटमधूनच येऊ शकतात, कारण त्या रंगात एक्का सोडून वरची सारी पाने आपली आहेत. एक्का एकदा बाहेर काढला की चौकटचे चार हात मिळतील. सहा आणि चार मिळून दहा, गरज नऊची. येथवरची बेरीज कोणीही करील.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : ते चार हात उचलायला डमीत जायचे कसे? समजा पूर्वेकडे चौकटचा एक्का व दोन लहान पाने आहेत. दक्षिणेने चौकटचा राजा खेळला की कसलेला पूर्व एक्का टाकणार नाही. राजाला हात घेऊ देईल. दुसऱ्या फेरीत डमीच्या राणीवर मात्र तो एक्का टाकील. आता दक्षिणेच्या हातात चौकटचे एकही पान उरलेले नाही. डमीचे गुलाम, 10, 9 हे तिन्ही पत्ते सर झालेले आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला दुसऱ्या रंगाचे मोठे पान हवे. तसे एकच पान डमीत होते, इस्पिकचा राजा. आणि तो पहिल्याच हातावर खर्च झाला. दक्षिणेला खात्रीचे सहा आणि चौकटचा एक, असे सातच हात दिसतात.

हेच मोजणे आधी झाले असते, तर पहिल्या हातावर डमीतून 2 पडले असते आणि इस्पिकच्या राणीवर हातातील एक्का. मग चौकटचा राजा, पाठोपाठ चौकटचे 4. पूर्वेने कोणत्याही फेरीत एक्का घेतला आणि कोणताही रंग परत खेळला, तरी डमीचा इस्पिकचा राजा जागेवर आहे. त्याने डमीत जाऊन उरलेले चौकट वसूल होतात आणि दहा हात भरतात. दोन्ही मार्गांनी पहिला हात दक्षिणेनेच घेतला होता. फरक होता तो राजा घेतला की एक्का, एवढाच.

दुसरा डाव हुकमाचा आहे. 'चार इस्पिक', म्हणजे दहा हात हवे. निराळ्या शब्दांत, केवळ तीन हात गमावण्याची मुभा आहे.

उत्तर (डमी)
इस्पिक : 9, 8, 4
बदाम : 8, 5, 2
चौकट : राजा, राणी, 5, 3
किलवर : राजा, 7, 3

दक्षिण (डिक्लेअरर)
इस्पिक : राजा, राणी, गुलाम, 10, 5
बदाम : एक्का, 7, 3
चौकट : एक्का, 4
किलवर : राणी, गुलाम, 10

पश्चिमेची उतारी बदामचा राजा. या डावात हरणारे हात मोजावयाचे, आणि ते ज्या हातात हुकूम जास्त आहेत त्या हाताच्या बाजूने, येथे दक्षिणेच्या. इस्पिकचा एक्का जाणार, हा एक. बदामचे 7 आणि 3, हे दोन. किलवरचा एक्का, हा आणखी एक. चौकटमध्ये काहीच जात नाही. एकूण चार, म्हणजे मुभेपेक्षा एक जास्त.

आता जिंकणारे हातही मोजून पाहावेत. इस्पिकचा एक्का गेल्यावर त्या रंगाचे चार, बदामचा एक, चौकटचे तीन, आणि किलवरचा एक्का गेल्यावर दोन. बेरीज दहा. दहा जिंकणारे आणि चार हरणारे मिळून चौदा झाले. डावात हात तर तेराच असतात! बँकेत दोन वह्यांचा मेळ बसला नाही की फरक कोणत्या नोंदीमुळे आला हे शोधावे लागते. येथेही तसेच आहे. दक्षिणेच्या हातात चौकटची पाने दोनच आहेत, पण त्या रंगाचे जिंकणारे हात तीन आहेत. तिसऱ्या हाताला, म्हणजे डमीच्या राणीवर, दक्षिणेला दुसऱ्या रंगाचे एखादे पान टाकता येते. ते पान हरणारे असावे. अशा रीतीने एक जिंकणारा आणि एक हरणारा हात एकमेकांत मिटतात आणि तेराचा मेळ बसतो. फरकाचा तो एक हात म्हणजेच या डावाची योजना.

परंतु वेळ साधली नाही तर योजना असूनही डाव जातो. 'आधी हुकूम काढून घ्यावेत' असे नवशिक्यांना शिकवले जाते. दक्षिणेने बदामचा एक्का घेऊन लगेच इस्पिकचा राजा खेळला, तर प्रतिस्पर्धी एक्क्याने तो मारतील, बदामची राणी व गुलाम वसूल करतील आणि किलवरचा एक्काही मांडतील. चार हात गेले. चौकटची राणी त्या वेळी डमीत तशीच बसून असते.

म्हणून हरणारे हात मोजताना त्यांची वर्गवारीही करावी लागते : प्रतिस्पर्ध्यांच्या हाती खेळ जाताच लगेच जाणारे किती, आणि सवडीने जाणारे किती. बदामचा एक्का पडल्यानंतर येथले चारही हात लगेच जाणारे आहेत. तेव्हा प्रतिस्पर्ध्यांना एकदाही खेळ मिळण्याच्या आत त्यांतला एक नाहीसा केला पाहिजे. क्रम असा : बदामचा एक्का, चौकटचा एक्का, चौकटचे 4 देऊन डमीचा राजा, मग डमीची राणी आणि तिच्यावर हातातील बदामचे 3. त्यानंतर हुकूम. आता इस्पिकचा एक्का, बदामचा एक आणि किलवरचा एक्का असे तीनच हात जातात. बदाम तिसऱ्यांदा आला तर दक्षिण तो हुकमाने कापते. डुप्लिकेट ब्रिजच्या गुणपद्धतीत 'व्हल्नरेबल' नसताना या डावाचे 420 गुण मिळतात. एक हात कमी पडला तर उणे 50.

या मार्गात धोका नाही असे नाही. चौकटची उरलेली सात पाने प्रतिस्पर्ध्यांकडे चार-तीन अशी वाटलेली असतील, तर तिन्ही फेऱ्या निर्वेध पार पडतात. असे वाटप शंभरात सुमारे 62 वेळा असते. पाच-दोन असेल तर तिसरी फेरी हुकमाने कापली जाऊ शकते. तरीही हाच मार्ग घ्यावा लागतो, कारण आधी हुकूम काढण्यात डाव जाणे जवळपास निश्चितच आहे.

आणि हरणाऱ्या हातांची संख्या बदलली की हाच मार्ग चुकीचा ठरतो. याच डावात दक्षिणेकडे किलवरचे एक्का, राणी, गुलाम असते, तर त्या रंगात काहीच गेले नसते आणि हरणारे हात तीनच राहिले असते. मग आधी हुकूम काढणेच योग्य. कारण चौकटची सहा पाने एकाच बाजूला असतील, तर डमीचा राजा दुसऱ्याच फेरीत एखाद्या लहान हुकमाने कापला जाईल आणि पदरात पडलेला डाव हातचा जाईल. 'हुकूम आधी की नंतर' या वादाचे उत्तर कोणत्याही म्हणीत नाही. ते प्रत्येक डावात मोजूनच मिळते.

हा विराम पहिल्याच हाताला घेण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. डाव अर्धा झाल्यावर डिक्लेअरर विचारात पडला, तर नेमके कोणत्या रंगाने त्याला अडवले आहे हे चाणाक्ष प्रतिस्पर्ध्याच्या ध्यानात येते. सुरुवातीच्या विचारातून तसा काही सुगावा लागत नाही. म्हणूनच डमीत उतारीच्या रंगाचे एकच पान असले आणि ते टाकण्यावाचून गत्यंतर नसले, तरी मुरलेला खेळाडू ते लगेच मागत नाही. समोर बसलेल्या भिडूला आता एक अक्षरही सुचवता येत नाही. त्याची तेरा पाने आणि आपली तेरा, अशी सव्वीस पाने एकदा रंगवार डोळ्यांखालून घालून मगच तो डमीकडे बोट दाखवतो.